पाच आणे चार पै: एका वाटपपत्राचे प्रकरण

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातल्या एका कुटुंबाकडे चार कागद होते. १९२९ सालचे मोडीतले वाटपपत्र, १९३८ सालचे एक गहाणखत, १९५२ सालचे आणखी एक वाटपपत्र आणि आजचा संगणकीय सातबारा. गाव आणि नावे इथे दिलेली नाहीत. मूळ वाटप तीन भावांचे होते, म्हणून त्यांच्या वंशजांना थोरली, मधली आणि धाकटी शाखा म्हणू. एक सर्व्हे नंबर वाटून घेऊन प्रत्यक्ष मोजणी करून घ्यायची होती. क्षेत्र चार एकर एक गुंठा चार आणे, आकार म्हणजे जमिनीचा वर्षाचा सारा सात रुपये आठ आणे. अर्ज करण्यापूर्वी कुणाचा हिस्सा किती हे एकमताने लिहून द्यायचे होते, आणि तिथेच काम अडले.

वाटपपत्राचे देवनागरी लिप्यंतर काही वर्षांपूर्वी करून घेतलेले होते. टंकलेले, नीटनेटके, दोन पानी. त्यात थोरल्या आणि धाकट्या भावापुढे ‘५-४’ असे होते, मधल्या भावापुढे मात्र ‘५ आणे ४ पैसे’.

वाद नेमका कशाचा होता

मधल्या शाखेचे म्हणणे असे. चार पैशांचा एक आणा, म्हणजे पाच आणे चार पैसे हे सहा आणे झाले. इतर दोघांना पाच-पाच. सहा, पाच, पाच मिळून सोळा, रुपया पुरा. पाचानंतरचा ‘४’ हा बहुधा कलमाचा अनुक्रमांक असावा. त्यांच्या बाजूने आणखी एक गोष्ट होती. सातबाऱ्यावर त्यांच्या खात्यापुढे आकार २.८० होता, इतर दोघांपुढे २.५०. साडेसात रुपयांचे सोळातले सहा भाग काढले तर २.८१ येतात. आकडा जवळजवळ जुळत होता.

थोरल्या आणि धाकट्या शाखेचे म्हणणे, वाटप सारखेच झाले होते. पण सारखे असेल तर सोळा आणे तिघांत कसे वाटायचे, आणि ‘५-४’ म्हणजे काय, हे त्यांनाही सांगता येईना.

प्रकरण शिकण्यासारखे आहे ते यामुळेच. चुकीचे वाचन सहसा बेरजेत पकडले जाते. इथे ते बेरजेत बसत होते आणि सरकारी कागदाशीही जुळल्यासारखे दिसत होते.

आधी कोष्टक

एक रुपया म्हणजे सोळा आणे. एक आणा म्हणजे चार पैसे, आणि एक पैसा म्हणजे तीन पै. म्हणून आण्यात बारा पै, रुपयात चौसष्ट पैसे किंवा एकशे ब्याण्णव पै. पै आणि पैसा ही दोन वेगळी नाणी होती आणि त्यांत तिपटीचा फरक होता. नव्या पैशांची सवय झालेल्या वाचकाला ‘पै’ हे ‘पैसा’चेच आखूड रूप वाटते. लिप्यंतर करणाऱ्यालाही तेच वाटले असणार. मुळात ‘पै’ होते, त्याने ते ‘सुधारून’ पैसे केले.

जुन्या हिशेबात रक्कम तीन घरांत लिहीत: रुपये, आणे, पै. बाजारात पैसा चाले, चवली-पावली-अधेली (दोन, चार आणि आठ आणे) चाले, पण दप्तरात शेवटचे घर बहुतेक पैचेच असे. त्यामुळे प्रत्येक घराला एक कमाल आकडा असतो. पैच्या घरात अकराहून जास्त आकडा येऊ शकत नाही, कारण बारा झाले की आणा होतो. आण्याच्या घरात पंधरापेक्षा मोठा आकडा येत नाही. आणि कुणी पैशांत लिहिलेच असेल तर तीनच्या वर जाता येत नाही. ‘५ आणे ४ पैसे’ असे त्या काळचा कारकून लिहिणारच नाही. तो सरळ ‘सहा आणे’ लिहील. मधल्या शाखेच्या वाचनातली पहिली फट ही होती.

आता पाच आणे चार पै किती होतात ते पाहा. पाच आण्यांचे साठ पै, वर चार, म्हणजे चौसष्ट. एकशे ब्याण्णवाचा बरोबर तिसरा भाग. सोळा आणे तिघांत वाटायचे असतील तर पाच आणे चार पै हेच उत्तर येते. जुने दप्तर वाचणाऱ्याला हा आकडा दिसला की ‘तिसरा वाटा’ असेच ऐकू येते; अडीच आणे दोन पै म्हणजे दोन आणे आठ पै दिसले की ‘सहावा’.

इथे एक गोष्ट वेगळी ठेवायला हवी. हिश्शातला आणा हा चलनातला आणा नव्हेच. ‘रुपयात चार आणे हिस्सा’ म्हणजे पूर्ण मालमत्तेचा चौथा भाग. तिची किंमत कितीही असो. आणि जमिनीच्या क्षेत्रातला आणा तिसराच: गुंठ्याचा सोळावा भाग, सुमारे ६८ चौरस फूट. एकाच फेरफारात हे तिन्ही आणे शेजारी शेजारी सापडतात आणि रकान्याचे मथळे बहुधा आधीच्या पानावर राहिलेले असतात.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय, आहे ते लिप्यंतर प्रमाण मानून वकिलाकडे जायचे. मधल्या शाखेला तो हवा होता. धोका उघड होता. साऱ्या वादाचा पाया एका टंकलेल्या शब्दावर राहिला असता.

दुसरा, मूळ कागद दुसऱ्या मोडी जाणकाराला दाखवायचा. हे करायलाच हवे होते, पण एकट्याने पुरेसे नव्हते. एकाने ‘पैसे’ म्हटले, दुसऱ्याने ‘पै’, एवढ्यावर हरणारी बाजू ऐकत नाही.

तिसरा, त्याच वाटपाचा पडसाद दुसऱ्या कागदांत कुठे उमटला आहे ते शोधायचे. वाटपानंतर फेरफार नोंद होते, तिथे क्षेत्र आणि आकार विभागला जातो. कुणी आपला हिस्सा गहाण टाकला तर त्या खतात तो पुन्हा लिहिला जातो. एकच अपूर्णांक तीन वेगळ्या हातांनी तीन वेगळ्या एककांत लिहिलेला मिळाला तर चूक लपून राहत नाही.

चौथा पर्याय समेटाचा होता: फरक अर्धा अर्धा वाटून घ्या. सहा आणे आणि पाच आणे चार पै यांत आठ पैचा फरक पडतो. या जमिनीत ते पावणेसात गुंठ्यांच्या आसपास जाते. तोडगा काढण्याआधी कागद तरी वाचावा, असे ज्येष्ठांनी ठरवले. दुसरा आणि तिसरा मार्ग एकत्र घेतला.

मूळ कागद काय म्हणत होता

दुसऱ्या जाणकाराकडून लिप्यंतर घेताना एक अट घातली: जसे आहे तसे उतरवायचे, काहीही बदलून किंवा सोडवून लिहायचे नाही. अंक, खुणा, अक्षरी मजकूर, सगळे.

तेव्हा कळले की तिन्ही भावांपुढे एकसारखाच मजकूर आहे: ‘आणे ५ पै ४’. मधल्याच्या ओळीत तो पूर्ण लिहिलेला, इतर दोघांच्या ओळीत ‘सदरप्रमाणे’ म्हणून नुसते अंक.

दुसरी गडबड आकाराच्या ओळीत होती. पहिल्या लिप्यंतरात प्रत्येकाचा आकार ‘२-११’ दिला होता. मुळात तिथे ‘२॥’ असे होते. मोडी आणि जुन्या देवनागरी हिशेबात पावांश उभ्या रेघांनी दाखवत: एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. रुपयाच्या पुढे आल्या की त्या अनुक्रमे चार, आठ आणि बारा आणे. त्याखालचे एक ते तीन आणे आडव्या किंवा तिरक्या रेघांनी. म्हणजे ‘२॥’ हे दोन रुपये आठ आणे, आणि पाठोपाठ दोन आडव्या रेघा असत्या तर दोन रुपये दहा आणे. दोन उभ्या रेघांना अकरा समजणे ही अगदी नेहमीची चूक आहे. दुसरी तशीच नेहमीची चूक रुपये शून्य असताना होते: रेघांच्या आधी अवग्रहासारखी एक खूण काढत, घाईच्या हातची ती हुबेहूब ८ दिसते, आणि आठ आण्यांचे साडेआठ रुपये होऊन बसतात.

पहिल्या लिप्यंतरातले २-११ तीनदा मिळवले असते तर आठ रुपये एक आणा आले असते. एकूण आकार साडेसात. ही बेरीज तेव्हाच कुणी केली असती तर पुढचे बरेच टळले असते.

फेरफारातली पडताळणी

तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून त्या फेरफाराची प्रमाणित नक्कल मिळाली. त्यात प्रत्येक भावापुढे दोन आकडे होते आणि मथळा नव्हता: ‘१-१३-१२’ आणि ‘२-८-०’.

पहिला आकडा रक्कम की क्षेत्र? इथे कमाल आकड्याचा नियम कामी येतो. शेवटच्या घरात बारा आहेत. पै असते तर तो आणा झाला असता. म्हणून हे पैचे घर नाही. एकर-गुंठे-आणे घेतले तर बसते: गुंठ्यांच्या घरात एकोणचाळीसपर्यंत आणि आण्यांच्या घरात पंधरापर्यंत आकडा येऊ शकतो. एक एकर तेरा गुंठे बारा आणे तीनदा मिळवले की चार एकर एक गुंठा चार आणे बरोबर भरतात. दुसरा आकडा आकाराचा: दोन रुपये आठ आणे, तीनदा म्हणजे साडेसात रुपये. मधल्या भावाचे सहा आणे असते तर त्याच्यापुढे दोन रुपये तेरा आणे दिसले असते.

मग सातबाऱ्यावरचे २.८० आले कुठून? कुणीतरी २-८-० च्या मधल्या रेघेचा दशांशबिंदू केला. आठ आणे म्हणजे पन्नास पैसे, ऐंशी नव्हेत. इतर दोन खात्यांत हे रूपांतर बरोबर झाले होते, एकात राहिले. तीन खात्यांची बेरीज ७.८० येत होती आणि सर्व्हे नंबराचा एकूण आकार ७.५० होता, दोन्ही आकडे एकाच पानावर होते. २.८० आणि २.८१ यांचे साम्य निव्वळ योगायोग, पण त्याच योगायोगाने एका शाखेची खात्री पटली होती.

गहाणखत

निर्णायक ठरले ते १९३८ चे खत, आणि ते मधल्या शाखेच्याच पेटीत होते. मधल्या भावाने तीनशे रुपये कर्ज काढून ‘माझा पाच आणे चार पै, म्हणजे तिसरा हिस्सा’ तारण दिला होता. अक्षरी. त्यानंतर वाद उरला नाही.

त्या खतातला एक तपशील मात्र नोंदवण्यासारखा आहे. व्याजाचा दर ‘दरमहा दरशेकडा बारा आणे’ होता. घरात तो ‘बारा टक्के’ म्हणून सांगितला जाई. बारा आणे म्हणजे पाऊण रुपया. दरमहा पाऊण टक्का, वर्षाला नऊ टक्के. तीनशेवर महिन्याला सव्वादोन रुपये, वर्षाला सत्तावीस. खताच्या पाठीवर पहिल्या वर्षाचा भरणा सत्तावीस रुपयांचाच होता. दर वाचताना शंका आली की पाठीवरचे भरणे पाहावेत, ते खोटे बोलत नाहीत. ‘रुपयास’ आणि ‘शेकडा’ यांतही गल्लत नको: दरमहा रुपयास एक पैसा हे ऐकायला किरकोळ, पण ते वर्षाला पावणेएकोणीस टक्क्यांहून किंचितही कमी नाही.

‘तेव्हाचे तीनशे म्हणजे आजचे किती?’ हा प्रश्न घरात निघालाच. याला एकच एक उत्तर नाही. १८३५ च्या कायद्यापासून चांदीचा रुपया एक तोळा वजनाचा होता आणि त्यात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी असे. १९४० मध्ये ती निम्म्यावर आणली. त्या मापाने तीनशे रुपयांत साधारण ३.२ किलो चांदी भरते. पण १९३८ साली रुपयाची किंमत चांदीवर ठरत नव्हती, तो पौंडाशी एक शिलिंग सहा पेन्सला बांधलेला होता आणि नाण्यातली चांदी दर्शनी किमतीपेक्षा स्वस्त होती. म्हणून चांदीच्या आजच्या भावाने गुणून आलेला आकडा गप्पांपुरता ठीक, हिशेबात धरायचा नाही. त्याच खतातून निघणारी तुलना जास्त कामाची: त्या जमिनीच्या तिसऱ्या हिश्शाचा वर्षाचा सारा अडीच रुपये होता आणि कर्जाचे वर्षाचे व्याज त्याच्या जवळजवळ अकरा पट.

कागद मराठवाड्यातला असता तर आधी रुपया कोणता हे पाहावे लागले असते. निजामाच्या राज्यात हाली सिक्का चाले, आणि सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार, म्हणजे ब्रिटिश रुपये. १८३५ पूर्वीच्या कागदांत चांदवडी, अंकुशी अशी नावे येतात आणि एकातून दुसऱ्यात जाताना बट्टा लागतो. साताऱ्याच्या १९२९ च्या कागदात ही भानगड नव्हती.

एका पैचा प्रश्न

मोठा वाद मिटल्यावर छोटा निघाला. १९५२ मध्ये धाकट्या शाखेत तीन मुलांचे वाटप झाले होते. हिस्से: एक आणा नऊ पै, एक आणा नऊ पै, आणि थोरल्याला एक आणा दहा पै. थोरल्याला जाणूनबुजून जास्त दिले का?

चौसष्ट पै तिघांत वाटले की एकवीस पै आणि वर एक तृतीयांश उरतो. पैच्या खाली लिहायला घर नाही. म्हणून एकवीस, एकवीस, बावीस अशी मोडतोड करून बेरीज भरली. आकड्याप्रमाणे धरले तर थोरल्याला खऱ्या तृतीयांशापेक्षा दोन तृतीयांश पै जास्त जातात. ऐकायला हास्यास्पद, पण या जमिनीवर ते सहाशे चौरस फुटांहून थोडे जास्त होते. रस्त्याकडेला असेल तर एका दुकानाची जागा.

पुन्हा आकाराकडे पाहिले. फेरफारात तिघांपुढे आकार सारखाच होता: तेरा आणे चार पै. तीनदा मिळवले की अडीच रुपये पुरे. आकार तिघांत निःशेष वाटला गेला, म्हणून तो सारखा लिहिता आला. हिस्सा वाटला गेला नाही, म्हणून एक पै कुणाच्या तरी पदरात टाकावा लागला. हेतूने जास्त दिले असते तर थोरल्याचा आकारही तेरा आणे नऊ पै झाला असता. वाटपपत्राच्या मजकुरातही ‘तीन समान वाटे’ होते. तिघांच्या वारसांनी प्रत्येकी एक नवमांश मान्य केला. मजकुरात ‘समान’ नसते आणि आकारही वेगवेगळा असता, तर बावीस पै हेच खरे धरावे लागले असते.

निष्पत्ती

हिस्से अपूर्णांकात लिहून तिन्ही शाखांनी सह्या केल्या: १/३, १/३, आणि धाकट्या शाखेत १/९ प्रमाणे तीन. २.८० ची दुरुस्ती लेखनप्रमाद म्हणून महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे मागितली. सोबत फेरफाराची प्रमाणित नक्कल आणि दोन बेरजा जोडल्या. आकाराची नोंद २.५० झाली.

एक गोष्ट राहिली. एकूण क्षेत्र हेक्टरमध्ये १.६३ येते, तिसरा भाग ०.५४ म्हणून नोंदला आहे, आणि तीनदा मिळवले की १.६२ भरतात. एक आर, म्हणजे जवळपास गुंठाभर, रूपांतराच्या फटीत पडला आहे. तो प्रत्यक्ष मोजणीतच मिटेल, म्हणून मोजणीच्या अर्जात हिस्सा आर मध्ये न लिहिता ‘एक तृतीयांश’ असा लिहिला.

काय वेगळे करता आले असते

पहिल्या लिप्यंतराच्या वेळीच मूळ कागदाची स्वच्छ प्रतिमा आणि जसाच्या तसा उतारा मागायला हवा होता. वाचन आणि रूपांतर ही दोन कामे एकाच माणसाने एकाच पानावर केली की चूक कुठल्या पायरीवर झाली ते नंतर सापडत नाही.

सगळा हिशेब आधी पैत करून शेवटी एकदाच नव्या पैशांत आणणे केव्हाही बरे. १ एप्रिल १९५७ ला शंभर नव्या पैशांचा रुपया आला तेव्हा एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत. अपूर्णांक जवळच्या पूर्ण पैशाला नेत, आणि बरोबर अर्धा उरला तर खालच्या. म्हणून दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस. हिस्सेदार जितके जास्त तितके हे तुकडे जास्त गळतात: तेरा आणे चार पैचे त्र्याऐंशी पैसे होतात आणि तिघांचे मिळून २.४९, अडीच नव्हे. अशा कागदात एका पैशाची तफावत दिसली तर घाबरायचे कारण नाही. तीस पैशांची दिसली तर मात्र कुणीतरी आण्याला दशांश समजले आहे, आणि ती नोंद त्याच दिवशी मूळ फेरफाराशी ताडून पाहावी.